सुरू व्हायला उशीर, सुरू झाल्यावर मात्र अडखळत नाही: कराडच्या एका टीव्हीचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात कराडहून मामांचा फोन आला. "टीव्ही गेला बहुतेक. नवा घ्यावा म्हणतोय, कोणता घेऊ सांग." ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही, जेमतेम चार वर्षांचा. पडदा ठीक, आवाज ठीक. तक्रार होती ती अ‍ॅपची. सकाळी भजन लावायला यूट्यूब उघडलं की नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. अर्ध्या मिनिटानं चित्रं यायची, तीही एक इथे, एक तिथे, मधल्या चौकटी करड्याच. मालिका बघायचं दुसरं अ‍ॅप कधी उघडायचं, कधी "इंटरनेट नाही" म्हणून पाटी दाखवायचं. तिसरं एक अ‍ॅप तर उघडतच नव्हतं.

ब्रॉडबँड गावातल्याच एका पुरवठादाराचं, १०० एमबीपीएसचं. त्यांचा पोरगा दोनदा येऊन गेला होता. त्यानं फायबरचं टोक पुसलं, राउटर बंद करून चालू केला, फोनवर स्पीड टेस्ट लावून ९० च्या वरचा आकडा दाखवला आणि म्हणाला, "काका, लाईन ओके आहे. टीव्हीच जुना झालाय." मामांना ते पटलं, कारण आकडा डोळ्यांसमोर होता.

मी पुण्यात एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. तिथल्या सवयीनं एकच प्रश्न विचारला, "मामा, एकदा मालिका सुरू झाली की मध्ये थांबते का?"

"नाही. एकदा लागली की दोन तास बघ, कुठं अडत नाही. लागायलाच वेळ खाते."

या उत्तरानं तपासाची दिशा ठरली. लाईन मंद असेल किंवा वायफायचा जोर कमी असेल, तर कार्यक्रम सुरू होतो आणि मग अडखळतो, चित्र फाटतं, मधेच चक्र फिरतं. इथे उलट होतं. वाट पाहावी लागायची ती सुरुवातीला, आणि एकदा वाट मोकळी झाली की पूर्ण वेगानं काम चालायचं. म्हणजे माल आणण्यात अडचण नव्हती. माल कुठून आणायचा हे विचारण्यात वेळ जात होता.

हे विचारण्याचं काम डीएनएस करतो. अ‍ॅपला सर्व्हरचं नाव माहीत असतं, पण जाळ्यावर जायला आकड्यांचा पत्ता लागतो. नाव देऊन पत्ता विचारायची सोय म्हणजे डीएनएस सर्व्हर. एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी डोळ्यांसमोर आणा. खिडकीवर माणूस नसेल तर तुम्ही उभे राहता, वाट बघता, मग दुसऱ्या खिडकीकडे जाता. गाडी कोणत्या फलाटाला लागते हे कळायला दहा मिनिटं गेली, तरी गाडी साताऱ्याला पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो. स्पीड टेस्ट गाडीचा वेग मोजते. खिडकीबद्दल ती फारसं काही सांगत नाही, कारण एकदा पत्ता मिळाला की मगच तिचं घड्याळ सुरू होतं. त्या पोरानं खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यानं दुसरीच गोष्ट मोजली होती.

एका नावाला काही सेकंद उशीर झाला तर अर्धा मिनिट कसा जातो, हा प्रश्न मामांनीच विचारला आणि तो बरोबर होता. टीव्हीवरचं एक अ‍ॅप उघडायला एक नाव पुरत नाही. खात्याची ओळख पटवायला एक सर्व्हर, कार्यक्रमांची यादी द्यायला दुसरा, चित्रांना तिसरा, जाहिरातींना आणखी काही, आणि संरक्षित चित्रपटाची किल्ली द्यायला वेगळाच. यातली काही कामं एकाच वेळी चालतात, पण काही एकामागे एकच होऊ शकतात: ओळख पटल्याशिवाय यादी नाही, यादी आल्याशिवाय चित्रं नाहीत. प्रत्येक पायरीला पाच सेकंदांची वाट धरली आणि अशा पाच पायऱ्या असल्या, तर २५ सेकंद गेले. करड्या चौकटींचंही कारण हेच. ज्या सर्व्हरचा पत्ता आधी मिळाला, त्याची चित्रं आधी आली.

व्हिडिओ कॉलवर मी मामांना टीव्हीत डीएनएस बदलायला सांगितलं. त्या क्षणी मला तो उपाय म्हणून नको होता, परीक्षा म्हणून हवा होता. बदलून फरक पडला तर दोष खिडकीचा, नाही पडला तर दुसरीकडे शोधायचं. खात्रीचे सार्वजनिक पत्ते थोडेच आहेत आणि ते लक्षात ठेवायलाही सोपे आहेत. गूगलचे `8.8.8.8` आणि `8.8.4.4` डिसेंबर २००९ पासून आहेत. क्लाउडफ्लेअरचे `1.1.1.1` आणि `1.0.0.1` हे १ एप्रिल २०१८ ला खुले झाले. क्वाड-नाइनचा `9.9.9.9` हा धोकादायक म्हणून नोंदवलेल्या नावांचा पत्ताच देत नाही. याखेरीज कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेला अनोळखी पत्ता घरच्या टीव्हीत घालू नये असं माझं ठाम मत आहे. ज्याच्याकडे तुम्ही पत्ता विचारता, त्याला तुमच्या घरात काय काय उघडलं जातं ते दिसतं आणि त्यानं चुकीचा पत्ता दिला तर तुम्ही चुकीच्या दारात जाता.

अँड्रॉइड टीव्हीत ही जागा थोडी आत आहे. `Settings` मध्ये नेटवर्कचा भाग उघडायचा, जोडलेल्या वायफायच्या नावावर ओके दाबायचं, खाली `IP settings` येतं. तिथे राउटरकडून आपोआप पत्ता घेणाऱ्या `DHCP` च्या जागी हातानं भरायचं `Static` निवडलं की टीव्ही एकेक गोष्ट विचारत जातो: टीव्हीचा स्वतःचा पत्ता, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता, प्रिफिक्स लेंग्थ, मग `DNS 1` आणि `DNS 2`. अडचण इथेच आहे. फक्त डीएनएस बदलायचा असला तरी हा टीव्ही बाकीचंही हातानं भरायला लावतो. सॅमसंगच्या टीव्हीत आयपी आपोआप ठेवून फक्त डीएनएस हातानं देता येतो. फायर टीव्हीत जोडलेलं वायफाय आधी विसरायला लावून, पुन्हा जोडताना पासवर्डच्या पडद्यावरून `Advanced` मध्ये जावं लागतं.

मामांच्या टीव्हीला तेव्हा राउटरनं `192.168.1.7` हा पत्ता दिलेला होता आणि गेटवे होता `192.168.1.1`. मी तोच पत्ता पुन्हा भरायला सांगितला, प्रिफिक्स २४, आणि वर सांगितलेल्या जोड्यांपैकी एक जोडी डीएनएसमध्ये. रिमोटनं आकडे भरायला मामांना दहा मिनिटं लागली. मग टीव्ही पूर्ण बंद करून चालू केला, कारण आधी विचारलेले पत्ते टीव्ही काही काळ स्वतःजवळ ठेवतो आणि लगेच बघितलं तर परीक्षा खरी होत नाही.

यूट्यूब तीन-चार सेकंदांत उघडलं. मालिकांचं अ‍ॅपही उघडलं. मामी मागून म्हणाल्या, "अगं बाई, एवढंच होतं होय!" एवढंच नव्हतं, पण परीक्षेचा निकाल लागला होता. दोष टीव्हीत नव्हता. तिसरं अ‍ॅप मात्र तेव्हाही उघडलं नाही. त्याचं शेवटी सांगतो.

पंधरा-वीस दिवसांनी गणपती आले. घरात पाहुणे आले आणि दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन: "टीव्हीला नेट येतं आणि जातं. मिनिटभर चालतो, मग तुटतो." मी त्याच आठवड्यात कराडला जाणार होतो, त्यामुळे या वेळी लॅपटॉप घेऊनच गेलो.

हा नवा दोष माझ्या सल्ल्यातून आला होता. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एका ठरावीक पट्ट्यातून पत्ता वाटतो. मामांच्या राउटरचा पट्टा `192.168.1.2` पासून `192.168.1.254` पर्यंत होता, म्हणजे सगळाच. मामा रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करतात, त्यामुळे टीव्ही रात्रभर जाळ्यावर नसतो. टीव्हीनं पत्ता हातानं घेतलेला, राउटरच्या वहीत त्याची नोंद नाही. सकाळी पाहुण्यांचे फोन जोडले गेले आणि राउटरला `7` हा आकडा मोकळा दिसला, तो त्यानं मावसभावाच्या फोनला देऊन टाकला. मग टीव्ही चालू झाला आणि एकाच पत्त्यावर दोन घरं झाली. कधी उत्तर टीव्हीला पोचायचं, कधी फोनला. घरात चार माणसं असताना हे कधी घडलं नसतं. हातानं पत्ता द्यायचाच असेल तर तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा, किंवा राउटरमध्येच त्या टीव्हीच्या नावे तो पत्ता राखून ठेवायला हवा. मी टीव्ही परत `DHCP` वर नेला. तुटणं थांबलं आणि अर्थातच जुना संथपणा परत आला. आता मुळाशी जायला हरकत नव्हती.

घरात आधी एक कोडं सुटलं. माझा फोन मामांच्या वायफायवर झटझट चालत होता आणि मामींचा फोन टीव्हीसारखाच घुटमळत होता. मामी म्हणायच्या फोन जुना झालाय. फरक वेगळाच होता. माझ्या फोनमध्ये `Private DNS` च्या जागी `dns.google` लिहिलेलं आहे. ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे. त्यामुळे माझा फोन राउटरला पत्ता विचारतच नाही, बंद पाकिटातून थेट बाहेर विचारतो. मामींच्या फोनमध्ये तेच नाव भरलं आणि तोही पळायला लागला. मग काढून टाकलं, पुन्हा घुटमळला. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना ही परीक्षा पुरेशी आहे. टीव्हीला हातही न लावता, एका मिनिटात, दोष डीएनएसचा आहे की नाही हे कळतं. एकच पथ्य: परीक्षेच्या वेळी फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवायचा, नाहीतर वायफाय अडलं की फोन गुपचूप तिकडे वळतो आणि सगळं छान चाललंय असं वाटतं.

लॅपटॉपवर `nslookup` या पत्ता विचारणाऱ्या आज्ञेनं मी एकच नाव आधी राउटरला आणि मग थेट बाहेरच्या सर्व्हरला विचारलं:

```
nslookup mr.wikipedia.org 192.168.1.1
nslookup mr.wikipedia.org 8.8.8.8
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर बोट उचलायच्या आत आलं. पहिल्या ओळीला मात्र आधी हे दिसलं, आणि मग उत्तर:

```
DNS request timed out.
    timeout was 2 seconds.
```

तीच ओळ लगेच पुन्हा चालवली तर राउटरनंही क्षणात उत्तर दिलं. यात नवल नाही. एकदा मिळालेला पत्ता राउटर काही वेळ जपून ठेवतो. म्हणून परीक्षेला दर वेळी नवं नाव घ्यावं लागतं, आधी न उघडलेल्या एखाद्या संस्थळाचं. या जपणुकीतून मामांच्या आणखी एका तक्रारीचा उलगडा झाला: "दुसऱ्यांदा उघडलं की पटकन उघडतं." व्हिडिओच्या सेवा आपल्या नावांचे पत्ते थोडाच वेळ ग्राह्य धरायला सांगतात, अनेकदा एक ते पाच मिनिटं. चहा पिऊन परत बसलं की पुन्हा पहिल्यापासून विचारणं सुरू.

सकाळी त्रास जास्त का, याचंही उत्तर बोर्डावरच्या त्या बटणात होतं. वीज तोडली की टीव्हीजवळचे जपलेले पत्ते जातात, हे एक. दुसरं कारण कमी जणांच्या लक्षात येतं. बऱ्याच टीव्हींमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते, त्यामुळे वीज गेली की तारीख मागे पडते. चालू झाल्यावर टीव्ही जाळ्यावरून वेळ विचारतो, आणि त्या वेळेच्या सर्व्हरचंही नावच असतं, म्हणजे त्याचा पत्ता त्याच बंद खिडकीवर विचारायचा. तो मिळेपर्यंत टीव्हीच्या लेखी तारीख जुनी असते आणि सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं त्याला "अजून लागू न झालेली" दिसतात. अ‍ॅप मग जोडणीच नाकारतं. मामांच्या पडद्यावर "इंटरनेट नाही" येत होतं ते बहुधा याच मिनिटा-दोन मिनिटांत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघायची सवय म्हणूनच चांगली. तारीख चुकलेली असेल तर डीएनएस कितीही बदला, अ‍ॅप उघडणार नाही.

आता राउटरच्या आत. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडलं. राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर नाव आणि पासवर्ड होता. काही राउटरांत पुरवठादारानं ही पानं कुलूपबंद केलेली असतात, इथे सुदैवानं उघडी होती. बाहेरच्या जोडणीच्या पानावर दोन डीएनएस दिसले. खरे आकडे देत नाही, नमुन्याचे देतो:

```
nslookup mr.wikipedia.org 203.0.113.10
nslookup mr.wikipedia.org 203.0.113.20
```

पहिला पत्ता पूर्ण मुका. कितीही वेळा विचारलं तरी फक्त वेळ संपल्याची ओळ. दुसरा जिवंत आणि चपळ. म्हणजे घरातलं प्रत्येक उपकरण राउटरला विचारत होतं, राउटर पहिल्या पत्त्याला विचारून थांबत होता, थकून दुसऱ्याकडे जात होता, आणि नव्या नावाच्या वेळी पुन्हा पहिल्याकडेच. हा दोष फसवा आहे तो याचमुळे. दोन्ही पत्ते मेले असते तर नेट सरळ बंद पडलं असतं आणि पुरवठादाराच्या पोरालाही पहिल्याच फेरीत कळलं असतं. एक मेलेला आणि एक जिवंत, यात सगळं चालतं, पण रखडत.

इथपर्यंत मी समजत होतो की पुरवठादाराचा सर्व्हर बंद पडलाय. मग त्याच पानावर एका खुणेकडे लक्ष गेलं. डीएनएस आपोआप घ्यायचा की हातानं द्यायचा, यात "हातानं" निवडलेलं होतं. चार वर्षांपूर्वी जोडणी करताना कुणीतरी ते दोन आकडे टंकून ठेवले होते. मी पुरवठादाराच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं की त्यातला पहिला सर्व्हर त्यांनी केव्हाच काढून टाकलाय आणि नवा दिलाय, आपोआपवर असलेल्या घरांना हा बदल कळलाही नाही. ज्यांच्या राउटरमध्ये हातानं लिहिलेलं आहे, ती घरं जुन्या खिडकीपुढे उभी.

मी ती खूण आपोआपवर नेली, जतन केलं, राउटरला जोडणी तोडून पुन्हा जोडू दिली. दोन नवे पत्ते आले. दोघांनाही पाच-पाच नवी नावं विचारली, दहाही उत्तरं तत्काळ आली. टीव्ही बोर्डावरून बंद करून चालू केला. यूट्यूब तीन सेकंद.

मग `8.8.8.8` किंवा `1.1.1.1` राउटरमध्येच का घातला नाही, असं मावसभावानं विचारलं. त्याचं म्हणणं होतं की ते सगळ्यात वेगवान असतात. याचं उत्तर द्यायला मामांची मधल्या पंधरवड्यातली एक बारीक तक्रार उपयोगी पडली. मी टीव्हीत हातानं डीएनएस भरला होता तेव्हा मालिकांचं अ‍ॅप पटकन उघडत होतं, पण रात्री नऊच्या सुमाराला चित्र धूसर व्हायचं. आधी तसं होत नव्हतं.

व्हिडिओच्या मोठ्या सेवा एकाच ठिकाणाहून माल पाठवत नाहीत. त्यांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात, कधी मुंबईत, कधी थेट पुरवठादाराच्या स्वतःच्या खोलीत. कोणत्या घराला कोणती प्रत द्यायची हे काही सेवा पाहणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरवतात. नेटफ्लिक्स असं करते, त्यामुळे तिथे डीएनएस बदलून चित्राच्या दर्जात फरक पडायचं कारण नाही. पण काही सेवा ते ठरवतात डीएनएसच्या उत्तरातूनच: विचारणारा डीएनएस सर्व्हर जिथे, तिथली प्रत. पुरवठादाराच्या डीएनएसनं विचारलं तर त्याच्याच खोलीतली प्रत मिळते. सार्वजनिक डीएनएसनं विचारलं तर समोरच्याला एवढंच दिसतं की प्रश्न अमक्या मोठ्या सर्व्हरकडून आलाय. काही सार्वजनिक डीएनएस विचारणाऱ्या घराच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतात, म्हणजे जवळची प्रत निवडता यावी. काही खासगीपणासाठी मुद्दाम कळवत नाहीत. दोन्ही धोरणांना आपापलं कारण आहे, पण परिणाम वेगळा होतो.

हे मोजून दाखवता येतं. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तीच मालिका लावली, `F12` दाबून `Network` हा भाग उघडला. चित्राचे तुकडे कोणत्या नावाच्या सर्व्हरवरून येतात ते तिथे दिसत राहतं. ते नाव `nslookup` नं दोघांना विचारलं: एकदा पुरवठादाराच्या डीएनएसला, एकदा टीव्हीत भरलेल्या सार्वजनिक डीएनएसला. दोन वेगळे पत्ते मिळाले. दोन्हींना `ping` केलं, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघितलं. पहिला ७ मिलिसेकंदांवर, दुसरा ३४ वर. दुपारी दोन्हींकडून चित्र स्वच्छ येत होतं. रात्री, सगळं गाव मालिका बघायला बसल्यावर, लांबच्या वाटेवर गर्दी होत असणार आणि अ‍ॅप निमूटपणे दर्जा उतरवत असणार. जवळची प्रत पुरवठादाराच्या आतच असल्यानं तिला बाहेरच्या गर्दीशी देणंघेणं नाही.

म्हणून मामांच्या घरी पुरवठादाराचाच डीएनएस राहिला. पुरवठादाराचे सर्व्हर आजारी असते, दिवसातून दोनदा मुके होत असते, तर मी राउटरमध्ये सार्वजनिक जोडी घातली असती आणि धूसर चित्राची शक्यता पत्करली असती. आधी उघडायला तर हवं. तो निर्णय प्रत्येक घरी मोजूनच घ्यावा लागतो. एक चूक मात्र टाळावी: पहिला पत्ता पुरवठादाराचा आणि दुसरा सार्वजनिक, म्हणजे दोन्हींचं चांगलं मिळेल असं वाटून केलेली भेळ. दुसरा पत्ता म्हणजे केवळ राखीव खेळाडू, असं सगळी उपकरणं मानत नाहीत. काही दोघांना एकदम विचारतात, काही आळीपाळीनं, काही एकदा दुसऱ्यावर गेली की तिथेच राहतात. मग आज चित्र स्वच्छ, उद्या धूसर, आणि कारण सापडता सापडत नाही. जोडी एकाच घरची असावी.

राउटरमध्ये सार्वजनिक पत्ते घालायचे असतील तर ते दोन ठिकाणी घालता येतात. बाहेरच्या जोडणीच्या पानावर घातले तर उपकरणं राउटरलाच विचारत राहतात आणि राउटर पुढे त्यांना विचारतो. घरातल्या पत्तावाटपाच्या, म्हणजे `DHCP` च्या पानावर घातले तर प्रत्येक उपकरण थेट बाहेर विचारतं. मला पहिली जागा बरी वाटते, कारण एका उपकरणाला मिळालेलं उत्तर राउटर दुसऱ्यालाही देतो आणि बदल एकाच जागी राहतो. दुसऱ्या जागी बदल केला तर उपकरणांना तो लगेच कळत नाही. टीव्हीचं वायफाय तोडून पुन्हा जोडेपर्यंत तो जुनाच पत्ता धरून बसतो, आणि माणूस "बदलून फरक पडला नाही" म्हणून मागे फिरतो.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, चालू असलेल्या घरांत आणखी एक फट राहते. मामांकडे ते बंद होतं. पण अनेक नव्या जोडण्यांत राउटर ठिपक्यांनी जोडलेल्या चार आकड्यांचा डीएनएस तुम्ही भरलेला देतो आणि शेजारी आयपीव्ही६ चा डीएनएस पुरवठादाराचा जुनाच देत राहतो. टीव्ही मग कधी या, कधी त्या खिडकीवर जातो. लॅपटॉपवर `ipconfig /all` चालवलं आणि `DNS Servers` च्या पुढे अपूर्णविराम असलेला लांब पत्ता दिसला, तर आयपीव्ही६ च्या पानावरही बदल करावा लागतो. गूगलची तिथली जोडी `2001:4860:4860::8888` आणि `2001:4860:4860::8844` आहे.

राहिलं ते तिसरं अ‍ॅप. त्याच्याकडे बघताना मी सुरुवातीलाच एक गोष्ट विचारायला हवी होती: चूक किती वेळानं दाखवतो? बाकीची दोन अ‍ॅप चक्र फिरवून फिरवून थकायची. हे अ‍ॅप उघडल्या उघडल्या, दीड-दोन सेकंदांत, जोडणी होत नाही म्हणायचं. मुक्या डीएनएसची चूक इतक्या लवकर येत नाही, तिला वाट संपावी लागते. लगेच आलेला नकार म्हणजे कुणीतरी उत्तर दिलंय आणि ते नकाराचं आहे. कधी ते उत्तर डीएनएसच देतो, नाव अडवलेलं असेल तर. पण इथे दोन वेगवेगळ्या डीएनएसवर तोच नकार होता, म्हणून ती शक्यता बाजूला पडली. अ‍ॅपची आवृत्ती बघितली तर ती टीव्ही घेतला तेव्हाची होती. टीव्हीची साठवण भरल्यामुळे नवी आवृत्ती उतरतच नव्हती. न वापरले जाणारे दोन खेळ काढले, अ‍ॅप नव्यानं घेतलं, ते उघडलं.

निघताना राउटरच्या पाठीवर एक कागद चिकटवला: "डीएनएस आपोआपवर ठेवला आहे. हातानं बदलल्यास तारीख आणि जुने आकडे इथे लिहावेत." मामांनी त्याखाली त्या दिवशीची तारीख स्वतःच्या अक्षरात घातली, आणि नव्या टीव्हीसाठी बाजूला काढलेले पैसे मामींनी परत कपाटात ठेवले.